पट्टी सत्तरवर संपते, मग सहमत बासष्टच कसे?

प्रश्न: कोथरूडच्या आमच्या सोसायटीत १३२ सभासद आहेत. पुनर्विकासावर पाच विधानं देऊन ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी उत्तरं भरून घेतली, १०० फॉर्म परत आले. तटस्थ मधोमध ठेवून दोन्हीकडे जाणाऱ्या पट्ट्यांचा आलेख मी एक्सेलमध्ये काढला. समितीतल्या एका काकांनी लगेच बोट ठेवलं: ‘पहिली पट्टी उजवीकडे ७० पर्यंत जातेय, पण सहमत तर ६२ आहेत.’ माझं कुठे चुकलं? सभेत हाच आलेख दाखवू का? शीट सोबत जोडलं आहे.

उत्तर:

आधी काकांना एक चहा पाजा. त्यांनी पकडलं ते बरोबर आहे आणि तुमची बेरीजही बरोबर आहे. घोळ आहे तो खालच्या आकड्यांच्या अक्षात.

तुमच्या पहिल्या विधानाला (‘इमारतीचा पुनर्विकास आता करायला हवा’) २२ जण असहमत, १६ तटस्थ आणि ६२ सहमत आहेत. तटस्थांचा तुकडा मध्यरेषेवर बरोब्बर अर्धा-अर्धा बसवला, की त्यातले ८ डावीकडे जातात आणि ८ उजवीकडे. सहमतांचा तुकडा मग शून्यापासून सुरूच होत नाही, तो ८ पासून सुरू होऊन ७० वर संपतो. डावीकडे तसंच, २२ चे असहमत ३० वर जाऊन टेकतात. खाली ०, २०, ४०, ६० असा अक्ष दिसला, की कुठलाही माणूस पट्टीच्या टोकाखालचा आकडा वाचणार. काकांनीही तेच केलं. त्या टोकाला मात्र ‘सहमत’ असा अर्थ नाही. तिथे ‘सहमत अधिक निम्मे तटस्थ’ आहेत.

आता हे जरा नीट पाहू, कारण बाकी सगळे निर्णय यावरच ठरतात. प्रत्येक पट्टीची एकूण लांबी १००च असते. लांबी ठरलेली, म्हणजे पट्टी फक्त डावी-उजवीकडे सरकू शकते, बस्स. किती सरकणार हे कशावर ठरतं? उजवं टोक म्हणजे सहमत अधिक अर्धे तटस्थ, डावं टोक म्हणजे असहमत अधिक अर्धे तटस्थ. दोन्हींची वजाबाकी केली की तटस्थ उडून जातात आणि उरतं ‘सहमत वजा असहमत’. तुमच्या पहिल्या पट्टीत ७० वजा ३० बरोबर ४०, आणि ६२ वजा २२ सुद्धा ४०. तेव्हा या आलेखात पट्टीची जागा एकच गोष्ट सांगते: पारडं कुठे आणि किती झुकलंय. किती लोक सहमत आहेत हे ती जागा सांगत नाही. त्यासाठी आतल्या तुकड्याची लांबी पाहावी लागते, आणि तो तुकडा दर ओळीत वेगळ्या ठिकाणाहून सुरू होत असल्यामुळे नजरेला तुलना जड जाते.

तुमच्याच शीटमध्ये याचं झकास उदाहरण आहे. दुसरं विधान ‘समितीने दिलेली माहिती पुरेशी आहे’: असहमत ४०, तटस्थ १०, सहमत ५०. तिसरं ‘दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायची माझी तयारी आहे’: असहमत २०, तटस्थ ५०, सहमत ३०. दोन्ही पट्ट्या डावीकडे ४५ वर आणि उजवीकडे ५५ वर संपतात. बाहेरून पाहिल्या तर जुळ्या बहिणी! आत मात्र एका ठिकाणी सोसायटी सरळ दोन गटांत फुटलेली आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्या लोकांचं अजून काही ठरलेलंच नाही. माहितीबद्दलच्या तक्रारींना समितीला उत्तर द्यावं लागेल. भाड्याच्या बाबतीत लोक बहुधा थांबलेत ते भाडं किती मिळणार आणि कुठल्या भागात घर मिळणार ते कळेपर्यंत. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि टोकं मात्र सारखी.

म्हणून माझं मत: आलेख ठेवा, अक्ष काढा. मध्यरेषा राहू द्या आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना खरे आकडे लिहा, डावीकडे २२ आणि उजवीकडे ६२. पारडं नजर वाचेल, संख्या माणूस वाचेल.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी अशी पायऱ्यांची उत्तरं १९३२ मध्ये मांडली. (उच्चार ‘लिकर्ट’च. ‘लायकर्ट’ म्हणणारे प्राध्यापक मला पुण्यात डझनाने भेटलेत.) मधोमध दुभंगलेल्या पट्ट्यांची ही पद्धत रुळली ती बरीच नंतर, त्यात हायबर्गर आणि रॉबिन्स या दोन संख्याशास्त्रज्ञांच्या २०११ पासूनच्या लिखाणाचा मोठा वाटा आहे. तेव्हापासून तटस्थांचं काय करायचं यावर वाद चालूच आहे. मध्ये अर्धे-अर्धे ठेवायचे, की बाजूला वेगळ्या रकान्यात काढायचे? माझ्या लेखी हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सभेत काय विचारलं जाणार त्यावर ते ठरतं. त्याकडे शेवटी येतो.

आता एक्सेल. तुम्ही असहमतांचे आकडे उणे केलेत आणि तटस्थांचे दोन रकाने केलेत, एक उणे आणि एक अधिक. हे चालतं, पण त्यात तीन कटकटी आहेत. तटस्थाचा एकच तुकडा दोन मालिकांत फुटतो, त्यामुळे १६ ऐवजी ८ आणि ८ अशी लेबलं येतात. उणे बाजूला एक्सेल मध्यापासून बाहेरच्या दिशेने रचत जातं, म्हणून ‘असहमत’ आधी आणि ‘पूर्ण असहमत’ नंतर असा रकान्यांचा क्रम ठेवावा लागतो आणि रंगसूचीतला क्रम विस्कटतो. शिवाय खाली अक्ष आपोआप उगवतो, ज्याने हा सगळा घोटाळा झाला. त्यापेक्षा पट्टीच्या आधी एक न दिसणारा तुकडा ठेवून ती हवी तेवढी सरकवणं सोपं.

हिशेब असा. मध्यरेषा कुठे धरायची ते आधी ठरवा. तुमच्या पाच विधानांत कुठल्याही बाजूला सर्वांत दूर जाणारं टोक ७० आहे, म्हणून मी मध्य ७५ वर धरतो आणि एकूण रुंदी १५० ठेवतो. दोन्ही बाजूंना ७५-७५ जागा मिळते. ही समानता सोडू नका. जागा वाचवण्यासाठी डावी बाजू आखूड केली, तर मध्यरेषा कागदाच्या डावीकडे सरकते आणि पाहणाऱ्याला उगाच सगळं सहमतीकडे कललेलं वाटतं. शीटमध्ये A रकान्यात विधान, B मध्ये रिकामी जागा, C पासून G पर्यंत पाच उत्तरं डावीकडून उजवीकडे. B2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=75-(C2+D2+E2/2)
```

तुमचे आकडे घालून ते असं दिसेल:

| विधान | रिकामी जागा | पूर्ण असहमत | असहमत | तटस्थ | सहमत | पूर्ण सहमत |
|---|---|---|---|---|---|---|
| पुनर्विकास आता हवा | ४५ | ८ | १४ | १६ | ३८ | २४ |
| माहिती पुरेशी | ३० | १५ | २५ | १० | ३५ | १५ |
| भाड्याने राहायची तयारी | ३० | ८ | १२ | ५० | २२ | ८ |
| स्वयंपुनर्विकास करावा | २७.६ | १३.२ | १८.४ | ३१.६ | २६.३ | १०.५ |
| देखभाल खर्च झेपणार नाही | ४४ | ६ | १६ | १८ | ३६ | २४ |

(चौथी ओळ तुमच्या शीटपेक्षा वेगळी का, ते खाली सांगतो.)

हे सगळं निवडून `Stacked Bar` घ्या. शेजारचा `100% Stacked Bar` चुकूनही नको, कारण तो रिकामी जागासुद्धा शंभरात धरतो आणि सगळ्या पट्ट्या काठापासून काठापर्यंत पसरतात. तसं झालेलं दिसलं तर समजा, चुकीचा प्रकार निवडला गेलाय. मग ‘रिकामी जागा’ मालिकेला `No fill` द्या आणि रंगसूचीत तिच्या नावावर दोनदा सावकाश क्लिक करून ते पुसा. पहिलं विधान तळाला गेलेलं असेल, एक्सेलची ती जुनी खोड आहे. उभ्या अक्षावर `Categories in reverse order` केलं की ते वर येतं. आडव्या अक्षाला किमान ०, कमाल १५० आणि `Major` ७५ द्या, म्हणजे उभी रेघ मध्ये एकच येते आणि बाकीच्या दोन कडेला जातात. अक्षावरचे आकडे घालवायला अक्ष डिलीट करू नका, `Label Position` `None` करा. मर्यादा जागच्या जागी राहतात.

मध्यरेषा पट्ट्यांच्या मागे जाईल आणि फक्त दोन पट्ट्यांमधल्या फटीतून दिसेल. मला ते तसंच आवडतं, कारण तटस्थाच्या तुकड्याला मधून चिरत नाही. फटी दिसाव्यात म्हणून `Gap Width` साधारण ५०% ठेवा.

टोकांचे आकडे लिहायला एक युक्ती. ती न दिसणारी मालिका फुकट बसलेली आहे, तिलाच कामाला लावा. तिला लेबल द्या, `Value From Cells` मध्ये असहमतांच्या बेरजेचा रकाना दाखवा, मूळचं `Value` काढून टाका आणि जागा `Inside End` ठेवा. पट्टीच्या डाव्या टोकाला चिकटून २२, ४०, २० असे आकडे उभे राहतील. उजवीकडे तसंच करायला H रकान्यात सगळीकडे ५ टाकून आणखी एक न दिसणारी मालिका जोडा, तिचं नावही रंगसूचीतून काढा आणि सहमतांची बेरीज `Inside Base` ला लावा. पाचच का, तर पहिली पट्टी १४५ वर संपते आणि कमाल मर्यादा १५० आहे. तुकड्यांच्या आतले आकडेही ठेवू शकता, पण बारीक तुकड्यात कोंबू नका.

एक बारकं सांगतो, नाहीतर सभेत कोणीतरी कॅल्क्युलेटर काढेल. चौथ्या विधानात पूर्ण असहमत १३.२ आणि असहमत १८.४. तुकड्यांत पूर्णांक लिहिले तर १३ आणि १८ होतात, बेरीज ३१. खरी बेरीज मात्र ३१.६, म्हणून टोकाला ३२ येईल. दोन्ही बरोबर आहेत. टोकाचा आकडा मूळ संख्यांवरून काढायचा, गोल केलेल्या आकड्यांची बेरीज करून नाही. खाली बारीक अक्षरात तशी एक ओळ टाका, पुण्यात ती लागतेच.

आता ती चौथी ओळ. ‘बिल्डरकडे न जाता सोसायटीनेच स्वयंपुनर्विकास करावा’ या विधानाला तुमच्या फॉर्मवर ‘माहीत नाही’ असा सहावा चौकोन होता आणि २४ जणांनी त्यावर खूण केली आहे. तुम्ही ते २४ आणि खरे तटस्थ २४ एकत्र करून ‘तटस्थ ४८’ असा तुकडा मध्ये बसवलात. गंमत म्हणजे त्यामुळे पट्टीची जागा जवळजवळ बदलतच नाही. एकत्र धरलं तर टोकं ४८ आणि ५२ वर, वेगळं काढलं तर ४७.४ आणि ५२.६ वर. म्हणून ही चूक पट्टीच्या जागेवरून कधीच पकडली जात नाही. बिघडतो तो अर्थ. ‘दोन्ही बाजू पाहिल्या, पण माझं ठाम मत नाही’ म्हणणारा माणूस आणि ‘स्वयंपुनर्विकास म्हणजे काय ते मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणणारा माणूस एकाच राखाडी तुकड्यात बसतात. दुसऱ्याला तुम्ही एका रविवारी क्लबहाऊसमध्ये बसवून समजावू शकता, पहिल्याला नाही.

तेव्हा ‘माहीत नाही’ पट्टीतून बाहेर काढा, उरलेल्या ७६ जणांवर टक्के काढा आणि उजव्या कडेला एका छोट्या रकान्यात ‘माहीत नाही: २४’ असं लिहा. विधानाच्या नावाखाली ‘उत्तरं ७६’ हेही लिहा, नाहीतर ही पट्टी बाकीच्यांइतकीच माणसं दाखवते असा समज होतो. पाया लहान झाला तरी पट्टी तेवढीच लांब दिसते, या आलेखाची ती उणीवच आहे. पाया पाच-दहा टक्क्यांनी बदलला तर कोणाचं काही बिघडत नाही. इथे चौथा हिस्सा गळलाय, म्हणून सांगायलाच हवं.

पाचव्या विधानाकडे मात्र जरा थांबा. ‘पुनर्विकासानंतरचा देखभाल खर्च मला झेपणार नाही’ हे उलट अंगाने विचारलेलं आहे. ६० जण त्याला सहमत आहेत, म्हणून पट्टी उजवीकडे ६९ पर्यंत जाते आणि पहिल्या विधानाच्या ७० च्या शेजारी ऐटीत उभी राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, दोन्हींकडे भक्कम पाठिंबा आहे. प्रत्यक्षात ही पाचवी पट्टी भीतीची आहे. काही जण अशा वेळी आकडे उलटे फिरवून ‘खर्च झेपेल’ असं विधान करून टाकतात. मी करत नाही. ‘झेपणार नाही’ला असहमत असलेले २२ जण ‘झेपेल’ला सहमत झालेच असते, असं कोण सांगणार? जे विचारलं तेच छापा. फक्त हे विधान बाकीच्या चारांपासून थोडं खाली, ‘सभासदांच्या शंका’ अशा वेगळ्या मथळ्याखाली ठेवा आणि ‘झेपणार नाही’मधलं ‘नाही’ ठळक करा. पुढच्या वेळी फॉर्म करताना सगळी विधानं एकाच दिशेची ठेवलीत तर आलेख सोपा होईल, पण वाचता-वाचता सरसकट ‘सहमत’वर खुणा करत जाणारे लोक मग पकडता येणार नाहीत. दोन्हींत काहीतरी गमवावं लागतं.

उरलेल्या चारांचा क्रम. फॉर्मवरचा क्रम आलेखात ठेवायची गरज नाही. या आलेखात पारड्याच्या झुकावाप्रमाणे, म्हणजे सहमत वजा असहमत, असा क्रम लावला तर उजवी टोकं जिन्यासारखी उतरत येतात आणि नजर अडखळत नाही. पण मग स्वयंपुनर्विकास (सहमत ३७) सर्वांत खाली जातो आणि भाड्याचं विधान (सहमत ३०) त्याच्या वर येतं, कारण झुकाव तिथे १० आहे आणि इथे फक्त ५. कोणीतरी विचारणार, ‘३७ च्या वर ३० कसे?’ आलेखाच्या मथळ्याखालीच लिहून टाका: ‘क्रम: सहमत आणि असहमत यांतील फरकानुसार’. फरक सारखाच असलेल्या दोन विधानांत, जसं माहिती आणि भाडं, ज्यात तटस्थ कमी ते वर घ्या. तिथे लोकांची मतं तरी ठरलेली आहेत.

रंगांबद्दल थोडक्यात, पण एक अनुभव सांगून. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेसाठी मी असाच आलेख लाल-हिरव्यात केला होता, पडद्यावर फार देखणा दिसायचा. बैठकीत प्रत्येकाच्या हातात त्याची काळी-पांढरी झेरॉक्स आली. गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही सारखेच काळपट, त्यामुळे रंगसूची असून नसल्यासारखी. अर्ध्या बैठकीत ‘हे पूर्ण सहमत की पूर्ण असहमत’ याचीच चर्चा. तुमचाही कागद जिन्याखालच्या सूचनाफलकावर झेरॉक्स होऊनच लागणार. दोन टोकांच्या गडद छटा काळ्या-पांढऱ्यात सारख्याच होतात, याला रंग बदलून इलाज नाही. इलाज एवढाच, की आलेखाच्या माथ्यावर डावीकडे ‘← असहमत’ आणि उजवीकडे ‘सहमत →’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं. बाजूवरून अर्थ कळला की रंग फक्त तीव्रता सांगतो, आणि ती झेरॉक्सातही टिकते.

रंगीत प्रतीसाठी तपकिरी ते निळसर-हिरवा घ्या. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या डोळ्यांनाही या दोन बाजू वेगळ्या दिसतात: `#A6611A`, `#DFC27D`, मध्ये राखाडी `#D9D9D9`, मग `#80CDC1` आणि `#018571`. मधला रंग याहून फिका करू नका, पांढऱ्या कागदावर तटस्थांच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. भगवा आणि हिरवा ही जोडी तर घेऊच नका. विषय पुनर्विकासाचा राहणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: सभेत हाच आलेख दाखवायचा का? चार विधानांसाठी दाखवा. पहिल्या विधानासाठी नको, निदान फक्त हाच नको.

सभेत पहिल्या विधानावर लोक ‘पारडं कुठे झुकलंय’ असं विचारणार नाहीत. ते विचारतील, ‘५१ टक्के झाले का?’ सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाबाबत कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे आणि त्यातला ५१ टक्के संमतीचा आकडा आता प्रत्येक सोसायटीत पाठ झालेला आहे. तो एकूण सभासदांवर मोजायचा असतो. तुमच्याकडे १३२ सभासद, त्याचे ५१ टक्के ६७.३, म्हणजे किमान ६८ माणसं. फॉर्मवर सहमत आहेत ६२. आलेखात ६२ टक्के आणि टोक ७० वर, आणि १३२ च्या हिशेबात भरतात ४७ टक्के. तोच ६२ चा आकडा, फक्त खालचा पाया बदलला, की ‘भरपूर पुढे’ ऐवजी ‘सहा माणसं कमी’. काकांना पडद्यावर ७० दिसलं आणि नंतर कोणी हा हिशेब मांडला, तर समितीने आकडे फुगवले असं बोललं जाईल. तुमचा तसा हेतू नसला तरी बोललं जाईल.

मध्ये तटस्थ असलेल्या आलेखावर ५१ ची रेघ मारताच येत नाही. मारायची कुठे? उजवीकडे ५१ वर मारली तर तिथे निम्मे तटस्थही मोजले जातात, आणि दर ओळीत तटस्थ वेगळे, म्हणून ती रेघ प्रत्येक पट्टीत वेगळा अर्थ सांगेल. उंबरठा ओलांडला का, असा प्रश्न असेल तिथे तटस्थ मध्यातून बाजूला काढावे लागतात. सहमत शून्यापासून उजवीकडे, असहमत शून्यापासून डावीकडे आणि तटस्थ उजव्या कडेला स्वतंत्र राखाडी पट्टीत. तसं केलं की सहमतांची सुरुवात दर ओळीत एकाच जागी होते, नजर त्यांची तुलना अचूक करते आणि रेघही मारता येते. त्या बदल्यात पट्टीची एकसंध शंभराची लांबी जाते, आणि भाड्याच्या विधानातले ते ५० तटस्थ पाहणाऱ्यांच्या नजरेआड जातात.

पहिल्या विधानाला तर मी एवढंही करणार नाही. एकच आडवी पट्टी काढा, पूर्ण लांबी १३२ सभासद, टक्के नकोतच. डावीकडून सहमत ६२, मग तटस्थ १६, मग असहमत २२ आणि शेवटी फक्त बाह्यरेषेने काढलेला ‘फॉर्म आला नाही: ३२’ असा तुकडा. ६८ वर एक उभी रेघ. ती रेघ तटस्थांच्या तुकड्यात पडते, सहमत संपल्यावर सहा माणसं पुढे. सभेत याच सहा जणांवर बोलणं होईल, आणि फॉर्म न दिलेल्या ३२ जणांवर. त्याखाली स्पष्ट लिहा, की हे मत आजमावण्यासाठी होतं, संमतिपत्र नाही. संमती सभेत लेखी घ्यायची असते, फॉर्मवरची खूण त्या जागी चालत नाही.

सभेच्या सूचनेसोबत वाटायच्या कागदावर वर ही एक पट्टी आणि खाली बाकीच्या चारांचा दुभंगलेला आलेख, एवढंच ए-फोरच्या एका बाजूला नीट बसतं. छापायला टाकण्याआधी एकदा झेरॉक्स काढून काकांनाच दाखवा आणि विचारा, ‘भाड्याच्या ओळीत किती जण सहमत दिसतात?’ ते ३० म्हणाले तर कागद तयार. ५५ म्हणाले तर टोकाचा आकडा पुरेसा मोठा झालेला नाही.